अंगठ्याची साल काढायची सवय: हाताला दुसरं काय द्यावं?

तेजश्री_के
मी कर्जवसुलीच्या फोनवर काम करते. फोन लांबला की उजव्या हाताचं बोट डाव्या अंगठ्याच्या नखाशेजारी फिरायला लागतं. एखादं खरखरीत टोक सापडलं, की ते ओढून काढल्याशिवाय चैन पडत नाही. काल फॉर्मवर रक्ताचा डाग पडला तेव्हा कुठे लक्षात आलं. लहानपणी नखं खायचे, ती कॉलेजात सुटली आणि हे लागलं. घरचे दिवसातून दहा वेळा "हात सोड" म्हणतात. सोडला तर हाताने करायचं काय? ज्यांना जमलंय त्यांनी सांगा.

शरदकाका
बोटांना कडुलिंबाचं तेल लाव. आमच्या नातवाची नखं खायची खोड त्यानेच गेली. शेवटी इच्छाशक्ती हवी, बेटा.

रोहन_एम
मनगटात रबरबँड घाल. हात गेला की एक फटका द्यायचा.

मुक्ता_समुपदेशक
काका, तुमचा उपाय नातवाला लागू पडला कारण बोट तोंडात गेलं की कडू चवीने तो भानावर यायचा. तेजश्रीचं बोट तोंडात जातच नाही. रबरबँड मी सुचवत नाही. आधीच सोललेल्या हाताला आणखी एक दुखणं कशाला?

अझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अशा सवयींसाठी एक पद्धत मांडली. आजही आम्ही तीच वापरतो. तिची सुरुवात सवय पकडण्यापासून होते. तेजश्री, पाच दिवस काहीही थांबवू नकोस, फक्त टिपून ठेव: किती वाजले होते, काय चाललं होतं, आणि साल ओढायच्या आधी बोट नेमकं काय करत होतं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

वैशाली_नगर
माझी नऊ वर्षांची मुलगी अभ्यासाला बसली की केस बोटाला गुंडाळते, पिळते आणि टोकं चावते. तिलाही तेल लावू का?

मुक्ता_समुपदेशक
वैशालीताई, आधी एक बघा: ती केस गिळते का? गिळलेले केस पचत नाहीत, पोटात त्यांचा गोळा होऊ शकतो. गिळत असेल तर डॉक्टरांना सांगाच, आणि पोटदुखी, उलट्या किंवा जेवण कमी झालं असेल तर आजच दाखवा. गिळत नसेल तर अभ्यासाच्या वेळी वेणी घाला आणि मोकळ्या हातात लोकरीचा गोंडा द्या. तो पिळू दे.

तेजश्री_के
पाच दिवसांत अकरा नोंदी झाल्या, त्यातल्या आठ फोनवरच्या. समोरचा चिडला की हात निघतो. आणि हे मला माहीतच नव्हतं: ओढण्याआधी बोट कडेवरून तीन-चार वेळा नुसतं फिरतं, जणू काही शोधतंय.

मुक्ता_समुपदेशक
तेच हवं होतं. आता बोट फिरायला लागलं, की डावा अंगठा आत घेऊन मूठ अलगद मिट आणि मांडीवर ठेव. उजवा हात त्या मुठीवर. किमान एक मिनिट, किंवा ओढ ओसरेपर्यंत. मूठ आवळायची नाही, हात दुखला तर तू ते दोन दिवसांत सोडशील. साल निघाल्यावर मूठ मिटून उपयोग नाही, ती बोट फिरतानाच मिटायला हवी. मूठ जमत नसेल तिथे बोटांची टोकं अंगठ्यावर हळूच फिरव, पिसाने फिरवल्यासारखी.

दुसरं म्हणजे, बोटाला शोधायला टोकच ठेवू नकोस. निघालेली साल नेलकटरने मुळाशी काप, ओढू नकोस. भांडी घासून झाली की आणि झोपताना व्हॅसलीन लाव. कातडी मऊ राहिली की बोट नुसतं घसरतं.

तेजश्री_के
तीन आठवडे झाले. फोनवर आता बहुतेक वेळा मूठ मिटते. एकदा ग्राहक ओरडत होता आणि मी अख्खा फोन मूठ मिटून ऐकला. पण रात्री अंथरुणात मोबाइल बघताना भानच राहत नाही. परवा त्याच अंगठ्याला नखुरडं झालं. लाल आहे आणि ठणकतंय.

मुक्ता_समुपदेशक
ठणका आहे म्हणजे डॉक्टरांना दाखव. पू धरला तर घरी टोचू नकोस. बरं झालं की रात्री अंगठ्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळ. बोट पट्टीला लागलं की तुला कळेल.

शरदकाका
पट्टी झोपेत निघून जाते हो. आमच्याकडे सुती हातमोजे घालायचे.

तेजश्री_के
मोजे घातले तर मोबाइल चालत नाही, काका. तेही बरंच म्हणा. आज डॉक्टरांकडे जाऊन आले, पाच दिवसांची गोळी दिली आहे. मग पट्टी आणि मोजे, दोन्ही करून बघते.