लशीनंतर ओठ सुजले: काय लिहून ठेवू, कुणाला कळवू?

अनघा: नमस्कार मंडळी. काल सकाळी १०:४० ला सासूबाईंना फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी एकदमच दिल्या, दोन्ही दंडांवर एकेक. पंधरा मिनिटं तिथे थांबलो, सगळं ठीक होतं. ११:१५ ला गाडीत ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या. सेट्रिझिन दिली, दुपारपर्यंत उतरलं. क्लिनिकवाले म्हणाले, "होतं असं." विषय सोडून द्यायचा का?

विनायककाका: माझाही दंड गेल्या वर्षी लालबुंद झाला होता. बर्फ लावला, तिसऱ्या दिवशी साफ. घाबरू नका.

सुधीर: रिपोर्ट फक्त डॉक्टरच करू शकतात. आणि रिपोर्ट म्हणजे लसच खराब होती असा आरोप, त्यामुळे सांभाळून.

मंजिरी (फार्मासिस्ट): काका, टोचलेल्या जागी सूज येणं वेगळं. ओठ सुजणं आणि दूरवर गांधी उठणं ही ॲलर्जीची खूण. अनघा, पुन्हा असं झालं आणि सोबत धाप, आवाज घोगरा, उलट्या किंवा चक्कर आली, तर गोळी देत बसू नकोस, थेट इमर्जन्सीला फोन. बरं वाटल्यावर काही तासांनीही ते उलटू शकतं.

आता आठवतंय तोवर लिहून काढ: टोचल्याची आणि पहिल्या लक्षणाची वेळ, दोन्ही लशींची नावं, कंपनी, लॉट नंबर, कोणती कुठल्या दंडावर, त्या दिवशीची औषधं आणि खाणं, गोळी किती वाजता दिली. फोटो असतील तर काढल्याच्या वेळेसकट ठेव.

सुधीर, लशीनंतरच्या त्रासाची नोंद करायला अमेरिकेत व्हेअर्स आणि ब्रिटनमध्ये यलो कार्ड या सरकारी यंत्रणा आहेत, तिथे घरचेही कळवू शकतात. लशीमुळेच झालं हे सिद्ध करावं लागत नाही, शंका पुरते. एकट्या रिपोर्टवरून कारण ठरतही नाही. एकाच लॉटबद्दल तशाच नोंदी येऊ लागल्या की तपासणारे तिकडे बघतात, म्हणून तो नंबर हवा. व्हेअर्सचा फॉर्म अर्धवट सेव्ह होत नाही, सगळं हाताशी घेऊनच बस.

अनघा: कार्डावर लॉट नंबर एकाच लशीचा आहे. दंडाचं काहीच लिहिलेलं नाही.

मंजिरी: क्लिनिकच्या नोंदीत असायला हवं, लेखी माग. फोनवर "होतं असं" म्हणणाऱ्यांनी ही प्रतिक्रिया त्यांच्या फाइलमध्ये टाकली का, तेही विचार. नाही मिळालं तर फॉर्मवर "माहीत नाही" लिही, रिपोर्ट अडवून ठेवू नकोस. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनाही कळव.

सुधीर: मला वाटायचं डॉक्टरच... असो. पण मग दोन्हींपैकी कोणती लस?

मंजिरी: एकदमच दिल्या, त्यामुळे इथून कुणीच सांगू शकत नाही. पुढचा डोस घेण्याआधी ॲलर्जीतज्ज्ञांना दाखवा. आणि कार्डावर नुसतं "लसीची ॲलर्जी" लिहू देऊ नका, नाहीतर पुढे प्रत्येक लशीला नकार येईल.

अनघा: सासूबाईंचं म्हणणं वेगळंच, निघताना घेतलेल्या वेदनाशामक गोळीनेच झालं. ते लिहू?

मंजिरी: जरूर! वेळेसकट. तीही संशयित आहेच.