कंपन्यांचा नफा वाढला, तरी फंड पडला: तुमचे अनुभव लिहा

मावशी_पुणेकर
आज भाचीचा फोन. नवीन नोकरी, पहिलीच एसआयपी, तीही बँकांच्या फंडात. म्हणे मावशी, बातम्यांत बँकांचा नफा वाढलाय मग माझा फंड लाल का, कोणी गंडवतंय का? मला २०२४ ची संक्रांत आठवली. १६ जानेवारीला संध्याकाळी एचडीएफसी बँकेचा निकाल आला, नफा १६ हजार कोटींच्या वर, आदल्या वर्षीपेक्षा ३३ टक्के जास्त. आणि १७ ला शेअर ८ टक्क्यांहून जास्त आपटला, माझा बँक निफ्टीचा इंडेक्स फंड एका दिवसात ४ टक्क्यांहून जास्त खाली. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर लिहा, तिला वाचायला देते.

कडक_चहा
तो ३३ चा आकडाच फसवा होता हो. १ जुलै २०२३ ला गृहकर्ज देणारी एचडीएफसी लिमिटेड बँकेत विलीन झाली, आदल्या वर्षीच्या नफ्यात ती नव्हतीच, मग तुलना कशी करणार? जाणकार बघत होते भलतीकडेच. विलीनीकरणात गृहकर्जं ढीगभर आली पण ठेवी तेवढ्या आल्या नाहीत, १०० रुपयांच्या ठेवींमागे ११० च्या आसपास कर्ज. उरलेला पैसा महाग उसना. त्यामुळे व्याजातलं मार्जिन ३.४ टक्क्यांवर, आधी ४ च्या वर असायचं. लोकांना वाटलं आता काही वर्षं बँक ठेवी गोळा करण्यातच अडकणार, कर्ज जोरात वाटता येणार नाही. जाहीर झालेला नफा मागच्या तीन महिन्यांचा, भाव मात्र पुढच्या वर्षांच्या अंदाजावर.

रोखठोक
म्हणजे विलीनीकरण नसतं तर पडला नसता. नफा खरा असेल तर फंड पडत नाही, सिंपल.

कडक_चहा
@रोखठोक अर्धं बरोबर. नफा शंभर टक्के खरा असला तरी पडतो. समज शेअरमागे नफा १० रुपये आणि लोक त्याच्या ४० पट द्यायला तयार, भाव ४००. वर्षभरात नफा १२ झाला, २० टक्के वाढ, झकास. पण लोकांना ३० टक्के वाढ हवी होती म्हणून आता ३० पटच देतायत. १२ गुणिले ३०, भाव ३६०. नफा २० टक्के वर, भाव १० टक्के खाली, कुठेही लबाडी नाही. फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, या भावावरून रोज काढतात, नफ्याचा आकडा त्यात कुठेच घालत नाहीत.

रोखठोक
ओके. पण मग पट ठरवतं कोण

कडक_चहा
विकणारे आणि घेणारे. व्याजदर वाढले, परदेशी फंडांनी पैसे काढले, तरी पट उतरतो, कंपनीने काही केलेलं नसतानाही.

सुगरण_ठाणे
आमच्या बाबांचा फंड पण असाच एका दिवसात पडला होता!! बाजार वर होता त्या दिवशी, बाबांचा बीपी वाढला. नंतर कळलं त्याच दिवशी डिव्हिडंड दिला होता, तेवढीच एनएव्ही कमी झाली, पैसे बँकेत जमा होते आणि आम्ही एजंटला शिव्या घालत होतो 😂

मावशी_पुणेकर
@सुगरण ते वेगळं गं, तिथे पैसे एका खिशातून दुसऱ्यात. पण भाचीला सांगते, तिचा ग्रोथ, म्हणजे डिव्हिडंड न देणारा, आहे का बघते.

निवांत_नाशिक
एक राहिलं. बँक निफ्टीत तेव्हा एचडीएफसी बँकेचं वजन २९ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे त्या दिवशीच्या पडझडीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या तिचा. बाकीच्या धास्तीने पडल्या, आयसीआयसीआय, कोटक, अ‍ॅक्सिसचे निकाल तर यायचेच होते. भाचीने फॅक्टशीटमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, पहिल्या पाच नावांची टक्केवारी बघावी, बऱ्याच बँका दिसतात पण भार थोड्याच जणींवर असतो. (गाडी चालवतोय, नंतर लिहितो)

सुगरण_ठाणे
गाडी चालवताना टाइप करू नका हो!!

निवांत_नाशिक
सिग्नलला थांबलोय ताई, द्वारका सर्कल आहे, इथे फॅक्टशीट वाचून होईल

रोखठोक
मग पट कमी असेल तेव्हा घ्यायचं, विषय संपला?

कडक_चहा
कमी असलेला अजून कमी होतो ना बाबा. शिवाय बँकांना लोक पीईपेक्षा, म्हणजे या नफ्याच्या पटापेक्षा, पुस्तकी किमतीच्या, म्हणजे देणी वजा जाता उरणाऱ्या मालमत्तेच्या, किती पट ते बघतात, बुडीत कर्जं निघाली की नफ्याचा आकडा एका तिमाहीत पालटतो. इंडेक्सचे दोन्ही आकडे एनएसईच्या साइटवर रोज येतात. त्यावरून आजचा भाव महाग की स्वस्त याचा अंदाज येईल, तळ कुठे ते नाही कळणार.

निवांत_नाशिक
इथे माझं वेगळं मत आहे, सेक्टर फंडात पट न बघता एसआयपी करणं म्हणजे जुगारच. घरी पोचून भांडतो.

मावशी_पुणेकर
भाची विचारतेय ठेवी आणि कर्जाचा तो १०० ला ११० वाला आकडा निकालात कुठे असतो?

कडक_चहा
थेट नसतो बऱ्याचदा. ठेवी आणि कर्जं दोन्ही निकालाच्या पत्रकात असतात, कर्ज भागिले ठेवी, तिलाच काढू दे. मी चहा ठेवलाय, उतू जाईल.