प्रति: ‘नको’ म्हटलं तरी तेच येतं

> ‘बुलेट पॉइंट देऊ नकोस’ लिहिलं तरी यादीच येते

हो, कारण ‘नको’मधून काय हवं ते एआय मॉडेलला कळतच नाही, मग बुलेट गेले की १, २, ३ आकडे येतात, ते बंद केले की ठळक उपशीर्षकं, शिवाय ‘बुलेट’ हा शब्द तुम्हीच त्याच्यासमोर ठेवलेला असतो. त्याऐवजी ‘दोन सलग परिच्छेदांत लिही, हे मोठ्याने वाचून दाखवायचंय’ असं सांगून बघा, असं कारण सोबत दिलं की आकडे-उपशीर्षकंही बहुतेक आपोआप गळतात.

अजून एक, तुमचा प्रॉम्प्टच बुलेटमध्ये असेल तर उत्तरही त्याच वळणावर जातं, तोही सलग लिहा. ‘फोन नंबर छापू नकोस’ सारखी पक्की बंदी मात्र राहू द्या, फक्त ‘त्याजागी [नंबर] लिही’ हे जोडा.