मदत हवी आहे: कोइंबतूरच्या जोस्यरांनी 'वेदै इल्लै' लिहून दिलंय, म्हणजे नक्की काय अडलं?

सांगलीची_पोर:

नमस्कार मंडळी. मूळची सांगलीची, गेली चार वर्षं नोकरीनिमित्त कोइंबतूरला आहे. इथल्याच एका मुलाशी लग्न ठरवतोय. दोन्ही घरचे राजी होते, पण मागच्या रविवारी त्याच्या आईने त्यांच्या जोस्यरांकडून, म्हणजे ज्योतिषांकडून, पत्रिका जुळवून आणल्या आणि तेव्हापासून घरात कुजबुज सुरू आहे.

माझं नक्षत्र आर्द्रा, रास मिथुन. त्याचं तिरुवोणम, रास मकर. (तिरुवोणम म्हणजे आपलं श्रवण हे कळायलाच मला दोन दिवस लागले. आर्द्रेला ते तिरुवादिरै म्हणतात.)

सांगलीच्या गुरुजींनी आधीच गुण काढले होते. अठराच्या वर आहेत, नाडी एक नाही. फक्त मिथुन-मकर षडाष्टक होतं, म्हणून राशीचे सातही गुण गेले. 'पण हे प्रीती षडाष्टक, काळजी नको,' असं ते म्हणाले.

जोस्यरांचा कागद बरोबर उलट! चारही कोपऱ्यांना हळद लावलेला, दहा ओळींचा. राशीपुढे 'उंडु', म्हणजे आहे. महेंद्र, वश्य आणि वेदै, म्हणजे वेध, यांच्यापुढे 'इल्लै', म्हणजे जुळत नाही. दहापैकी सात जमली. पहिल्या दोन 'इल्लै'बद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, पण वेदै म्हटलं की त्याच्या आईचा चेहरा उतरतो. 'दोघांमध्ये तडै येणार,' म्हणतात. तडै म्हणजे अडथळा.

प्रश्न दोन. आमच्या गुरुजींना जी रास खटकली ती त्यांना कशी चालते? आणि हा वेध आमच्याकडे कोणीच का पाहिला नाही?

निवृत्त_तलाठी:

ताई, वेधात शुभकार्य करूच नये. आमच्याकडे सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात आणि तेव्हापासून घरात चूलसुद्धा पेटत नाही. मुहूर्त पुढे ढकला, दुसरं काही नाही.

सांगलीची_पोर:

काका, ग्रहणाचे वेध नाहीत हो हे. नक्षत्रांचे आहेत. मुहूर्ताची वेळ अजून आलेलीच नाही.

गणितवेडा:

सोपं आहे. अश्विनी 1, भरणी 2 असे नक्षत्रांना क्रमांक द्या. वधूवरांच्या नक्षत्रांची बेरीज 19, 28 किंवा 37 आली की वेध. आर्द्रा 6, श्रवण 22, बेरीज 28. म्हणजे वेध आहे. जोस्यर बरोबर आहेत. धागा बंद करायला हरकत नाही.

तंजावर_आजोळ:

गणितवेडा, इतकी घाई नको. आर्द्रा 6 आणि हस्त 13, बेरीज 19, पण त्यांचा वेध नाही. अश्विनी आणि रेवती 28, त्यांचाही नाही. ठरलेल्या जोड्यांची बेरीज या तीन आकड्यांत येते हे खरं. पण बेरीज आली की वेध झाला, हे उलटं चालत नाही. तुमच्या हिशेबाने कितीतरी स्थळं फुकट मोडतील.

माझं आजोळ तंजावरच्या मराठ्यांतलं. घरात मराठी, पंचांग मात्र तमिळ, त्यामुळे दोन्हीकडचं लहानपणापासून कानावर आहे. ताईंच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर आहे.

आधी रास. आपल्याकडे षडाष्टक दोन्ही बाजूंनी सारखंच: मुलगी मिथुनेची असो की मकरेची, सात गुण गेलेच. तमिळ पद्धतीत मोजणी एकाच दिशेने, मुलीच्या राशीपासून मुलाच्या राशीपर्यंत. मुलाची रास दुसरी ते सहावी आली तर सहसा नको म्हणतात, सातवी उत्तम, त्यापुढची चालते. मिथुनेपासून मकर आठवी, म्हणून 'उंडु' (आठवीला काही जण मध्यम म्हणतात). आता हेच उलटं करून बघा. तुम्ही मकरेच्या आणि तो मिथुनेचा असता तर मोजणी सहावर थांबली असती आणि तोच जोस्यर 'इल्लै' म्हणाला असता. राशीच्या या पोरुत्तमावरून, म्हणजे जुळणीवरून, ते मुख्यतः वंशवृद्धी बघतात. तुमच्या गुरुजींचं प्रीती षडाष्टक राशींच्या स्वामींवरून येतं. दोघांचं गणित मुळात वेगळं, त्यामुळे यात कोणी चुकलेलं नाही.

आता वेध. आपल्या छत्तीस गुणांच्या आठ कूटांत तो नाहीच, म्हणून सांगलीला कोणी पाहिला नाही. एका नक्षत्राने दुसऱ्याला भोसकावं अशी ती कल्पना. अशा जोडप्यात सुख हाताशी आलं की काहीतरी आडवं येतं, असं सांगतात. आजी म्हणायची, दार दोघांचं, पण कडी दुसऱ्याच्या बाजूने.

पण ताई, त्या कागदावर रज्जूच्या ओळीत काय लिहिलंय ते नीट बघून सांगा. मला शंका आहे.

सांगलीची_पोर:

रज्जूपुढे 'उंडु' आहे. बाजूला बारीक अक्षरात काहीतरी आहे. त्याला वाचायला सांगितलं. तो म्हणाला, 'आरोहणम्, अवरोहणम्'.

तंजावर_आजोळ:

तेच वाटलं होतं. आता गंमत बघा.

रज्जू म्हणजे दोरी. नक्षत्रं पाय, कंबर, नाभी, कंठ आणि शिर अशा पाच दोऱ्यांवर वाटलेली. दोघं एकाच दोरीवर आली की दोष. आर्द्रा आणि श्रवण दोन्ही कंठाच्या दोरीवर, म्हणजे कडक नियमाने तुमचा रज्जूही 'इल्लै' व्हायला हवा होता. पण त्या दोरीवर काही नक्षत्रं चढती मानतात, काही उतरती. श्रवण चढतं, आर्द्रा उतरतं. एक वर जाणारा, एक खाली येणारा, म्हणून दोष नाही असं मानणारे बरेच आहेत. तुमचे जोस्यर त्यांपैकी.

आणि आता वेधाच्या जोड्या त्या दोऱ्यांवर ठेवून पाहा. अश्विनी-ज्येष्ठा दोन्ही पायाच्या दोरीवर, एक चढतं, एक उतरतं. रोहिणी-स्वाती कंठाच्या, पुन्हा एक चढतं, एक उतरतं. पुष्य-पूर्वाषाढा कंबरेच्या, तसंच. मी सगळ्या बारा जोड्या कागदावर मांडून पाहिल्या, एकही सुटत नाही. वेधाची प्रत्येक जोडी एकाच दोरीवरची आणि उलट्या दिशांची आहे.

म्हणजे जोस्यरांनी उलट्या दिशेची सवलत देऊन रज्जू सोडला आणि त्याच जोडीला वेधात धरलं. जो कडक रज्जू पाळतो त्याला वेध वेगळा बघायची गरजच पडत नाही. तो फक्त सवलत देणाऱ्यांना कामाचा. सासूबाईंना हे दोन वेगळे अपशकुन वाटू देऊ नका. दोष एकच आहे, नाव दुसरं.

गणितवेडा:

बारा जोड्या म्हणजे चोवीस नक्षत्रं. उरलेल्या तिघांचं काय?

तंजावर_आजोळ:

मृग, चित्रा, धनिष्ठा. तिघांचा एकमेकांशी वेध, आणि शिराच्या दोरीवर ही तिघंच. तिथे चढती-उतरती काही नाही, त्यामुळे सवलतही नाही.

चित्रा_वाला:

यावर मी सांगतो. मी चित्रा, ती मृग. होसूरला एकाच कंपनीत होतो. तिच्या घरच्यांनी कागद पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फोन बंद. शिराची दोरी म्हणजे नवऱ्याच्या जिवाला धोका म्हणे. म्हणजे माझ्याच काळजीपोटी मला नकार! तिचं लग्न झालं, माझंही झालं. बायको हस्ताची. भांडणं व्हायची ती होतातच.

सडेतोड:

सत्तावीस नक्षत्रांत माणसं वाटून संसाराची भाकितं करायची आणि वर चढती-उतरती करून सवलती द्यायच्या. पोरगा कसा आहे ते कोणी विचारलं का?

सांगलीची_पोर:

सडेतोड, मी चार वर्षं बघतेय त्याला, चांगला आहे. मला पत्रिकेवर विश्वास आहे की नाही हा प्रश्नच नाही. त्याच्या आईचा आहे, आणि मला त्याच स्वयंपाकघरात उभं राहायचंय. आजोळताई, तुम्ही सांगितलेलं मी तिला कसं सांगू? मी बोलले तर मराठी मुलगी शिकवायला आली असं होईल.

तंजावर_आजोळ:

तुम्ही बोलूच नका, मुलाला बोलू दे. आणि त्याने आईशी वाद घालण्यापेक्षा जोस्यरांनाच विचारावं: 'अय्या, रज्जूत दिशा वेगळी म्हणून सोडलंत, मग वेदै तीच जोडी आहे, ती का धरली?' चांगला जोस्यर यावर चिडत नाही. बहुतेक जण दिन, गण, योनी, राशी आणि रज्जू ही पाच मुख्य धरतात आणि वेदै त्यात नसते. तुमची पाचही आहेत. काही घराणी मात्र रज्जू-वेदै एकत्रच पाळतात आणि तिथे काही चालत नाही. त्याचं घराणं कुठल्यातलं हे आधी काढा.

आणखी एक. मुलाचा चंद्र मकरेत किती अंशांवर आहे? श्रवण 23 अंश 20 कलांना संपतं.

सांगलीची_पोर:

आत्ताच पाहिलं. 23 अंश 6 कला! आणि जन्मवेळ आईने सांगितलेली, 'पहाटे सहाच्या सुमारास'. हॉस्पिटलचा कागद सापडत नाहीये.

तंजावर_आजोळ:

चौदा कला राहिल्या. चंद्राला तेवढं जायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. वेळ साडेसहाच्या पुढची निघाली तर नक्षत्र बदललं: धनिष्ठा, त्यांच्या भाषेत अविट्टम. शिवाय तमिळनाडूत वाक्य आणि तिरुक्कणितम अशी दोन पंचांगं चालतात, आणि सीमेवरच्या चंद्राचं नक्षत्र दोन्हींत वेगळं येऊ शकतं. जोस्यरांनी कुठलं वापरलं तेही विचारा.

गणितवेडा:

मग तर सुटलंच! धनिष्ठा 23, आर्द्रा 6, बेरीज 29. वेध नाही.

तंजावर_आजोळ:

या वेळी बरोबर. रज्जूही सुटेल, कंठ आणि शिर वेगळे. रास मकरच राहते, ती मोजणी तशीच. पण श्रवण देवगणी आणि धनिष्ठा राक्षसगणी. ताई मनुष्यगणी. वेदै जाईल आणि गणापुढे मध्यम किंवा इल्लै येईल, आणि गण त्या मुख्य पाचांत आहे. म्हणून जन्मवेळ शोधायच्या आधी विचार करा की तुम्हाला ती खरंच सापडायला हवी आहे का.

सांगलीची_पोर:

हे त्याला वाचून दाखवलं. पाच मिनिटं हसला आणि म्हणाला, कागद शोधू नकोस, मी जोस्यरांना रज्जूचंच विचारतो. शुक्रवारी संध्याकाळी जातोय. काय म्हणाले ते इथे लिहीन.

निवृत्त_तलाठी:

शुक्रवारी राहुकाळ साडेदहा ते बारा. संध्याकाळ चालेल.