सल्ला हवा: १४४ आणि ६० हर्ट्झचे दोन मॉनिटर जोडले की डेस्कटॉप अडखळतो

रातकिडा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे लिनक्सवर केडीई प्लाझ्मा ५.२७ आहे, ग्राफिक्स कार्ड एएमडीचं. समोर १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणि बाजूला जुना ६० हर्ट्झचा. नवा मॉनिटर एकटा होता तेव्हा खिडकी ओढली की लोण्यासारखी सरकायची. जुना परत जोडल्यापासून त्याच मॉनिटरवर खिडकी ओढताना, पान स्क्रोल करताना बारीक बारीक गचके बसतात. हळू नाही चालत, पण चाल एकसारखी नाही.

विचित्र गोष्ट अशी की फुलस्क्रीन गेम त्याच मॉनिटरवर अगदी स्वच्छ चालतो. मग हा दोष कार्डाचा, केबलचा की मॉनिटरचा? जुना काढून दुसराही १४४ चा घ्यावा का? दिवसभर कोड वाचत स्क्रोल करतो, डोळे शिणतात.

गोधडी

कार्डावर ताण येतोय. दोन मॉनिटर म्हणजे दुप्पट पिक्सेल. थोडं वरच्या दर्जाचं कार्ड घ्या, प्रश्न मिटेल.

उंबरठा

गोधडी, कार्ड दमलं असतं तर गेम आधी अडखळला असता. इथे नेमकं उलट होतंय, आणि दुखणं कुठे आहे ते त्यातच कळतं.

रातकिडा, काही विकत घेण्याआधी दोन चाचण्या करा. पहिली: खिडकी ओढता ओढता `Alt+Shift+F12` दाबा. याने कंपोझिटर बंद होतो. गचके गेले पण चित्र आडवं फाटल्यासारखं दिसू लागलं, तर कार्ड आणि केबल दोन्ही निर्दोष. दुसरी: जुना मॉनिटर केबल न काढता बंद करा. आधी नावं बघून घ्या, तुमच्याकडे वेगळी असू शकतात.

```
echo $XDG_SESSION_TYPE
xrandr --current
xrandr --output HDMI-A-0 --off
```

पहिल्या ओळीचं उत्तर `x11` येतं का तेही सांगा. दुसरीच्या यादीत ज्या आकड्यापुढे तारा दिसेल तो सध्याचा वेग. कधी कधी नव्या मॉनिटरपुढेच ६० वर तारा असतो आणि माणूस महिनाभर भलतीकडे शोधत बसतो.

ध्रुव७

माझंही अगदी हेच! ६० वाल्या मॉनिटरवर सिनेमा लावला की कॅमेरा आडवा फिरताना चित्र धक्के खात जातं. १४४ वर तोच सिनेमा छान दिसतो. माझ्याकडे विंडोज आहे. यावरही हाच उपाय चालेल का?

उंबरठा

ध्रुव, तुमचं दुखणं वेगळं आहे, दुसरा मॉनिटर काढलात तरी ते राहील. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. ६० मध्ये २४ चा भाग पूर्ण जात नाही, म्हणून एक चित्र २ वेळा, पुढचं ३ वेळा दाखवावं लागतं. १४४ मध्ये प्रत्येक चित्र बरोबर ६ वेळा बसतं. त्यामुळे सिनेमाची खिडकी १४४ वर न्या, एवढंच पुरे.

मात्र हिशोब त्याच जातीचा आहे, म्हणून रातकिडांचं उत्तर आलं की इथूनच पुढे जातो.

रातकिडा

दोन्ही केलं. उत्तर `x11` आलं. तारा १४४ वरच आहे. `Alt+Shift+F12` दाबल्यावर गचके गेले, पण स्क्रोल करताना मधोमध चीर दिसते. जुना मॉनिटर बंद केला की सगळं पूर्वीसारखं गुळगुळीत. परत चालू केला की पुन्हा गचके.

उंबरठा

मग निदान झालं. आता कारण सांगतो, म्हणजे उपाय पाठ करावे लागणार नाहीत.

एक्स११ ला तुमचे दोन मॉनिटर दोन दिसतच नाहीत. त्याच्या लेखी तो एकच लांबलचक पडदा असतो आणि आपण त्याचे दोन तुकडे बघतो. सगळ्या खिडक्या एकत्र करून अंतिम चित्र बनवणारा कंपोझिटर त्या अख्ख्या पडद्यासाठी एकाच ठेक्यावर काम करतो. तुमच्या आवृत्तीतला केविन, म्हणजे केडीईचा कंपोझिटर, हा ठेका सगळ्यांत हळू मॉनिटरचा धरतो. म्हणजे जुना मॉनिटर जोडला की नव्यालाही सेकंदाला ६० च चित्रं मिळतात.

नुसतं एवढंच असतं तर खिडकी ६० च्या गतीने का होईना, एकसारखी सरकली असती. गचके येतात ते भागाकार पूर्ण जात नाही म्हणून. १४४ भागिले ६० म्हणजे २.४. पडदा दर ६.९ मिलिसेकंदांनी ताजा होतो, पण नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं. २.४ वेळा चित्र दाखवता येत नाही, म्हणून कुठलं ३ वेळा टिकतं, कुठलं २ वेळा. क्रम साधारण ३, २, ३, २, २ असा पडतो: पाच चित्रांत बारा ठोके. काही चित्रं २०.८ मिलिसेकंद राहतात, काही १३.९. खिडकी दर चित्रागणिक सारखंच अंतर सरकते, मात्र डोळ्यासमोर टिकते कमी-जास्त वेळ. हा उणा-अधिक काळ म्हणजेच तुमचा गचका.

गेम का सुटतो? बहुतेक फुलस्क्रीन गेम केविनला बाजूला व्हायला सांगतात आणि थेट मॉनिटरच्या ठेक्याने चित्र देतात. मधला माणूसच नाही, तर ठेकाही चुकत नाही.

खात्री हवी असेल तर डेस्कटॉप इफेक्ट्समधलं `Show FPS` चालू करा. आकडा ६० च्या आसपास अडकलेला दिसेल.

पाटीपेन्सिल

अप्रतिम समजावलंत. मग मी तर म्हणेन, नव्या मॉनिटरला १२० वर आणा. ६० च्या बरोबर दुप्पट. विषय संपला.

```
xrandr --output DisplayPort-0 --mode 2560x1440 --rate 120
```

मी वर्षभर असंच वापरतेय.

उंबरठा

पाटीपेन्सिल, गचक्यांपुरतं तुमचं अगदी बरोबर. १२० वर प्रत्येक चित्र बरोबर २ ठोके टिकतं, चाल समान होते. पण कंपोझिटर तेव्हाही ६० चीच चित्रं देत असतो, तीच दोनदा दिसतात. म्हणजे धक्के गेले, तरी जास्त वेगाच्या मॉनिटरचा डेस्कटॉपवर फायदा काहीच नाही. तुमच्याकडे `Show FPS` लावून बघा.

आणखी एक. मॉनिटर सांगतो ६०, पण यादीत बरेचदा ५९.९५ किंवा तत्सम आकडा असतो. दोन मॉनिटरांची घड्याळं स्वतंत्र असतात, त्यामुळे दुप्पट म्हटलं तरी ती हळूहळू सरकतात आणि अधूनमधून एखादा ठोका चुकतोच. यासाठीच रातकिडांना सांगतो, दुसरा १४४ चा मॉनिटर घेऊनही पूर्ण खात्री नाही. एक १४४.०० आणि दुसरा १४३.९७ निघाला, तर दर ३३ सेकंदांनी एक चित्र चुकेल. तुमच्या आत्ताच्या त्रासापुढे ते काहीच नाही, पण जाणवणाऱ्याला जाणवतं.

पाटीपेन्सिल

लावून बघितलं. खरंच ६० दाखवतंय. गुळगुळीत वाटत होतं म्हणून वर्षभर १२० च मिळतंय असं समजून होते.

रातकिडा

१२० करून बघितलं, गचके थांबले. डोळ्यांना लगेच फरक पडला. पण उंबरठा म्हणतात तसं, एकट्या मॉनिटरवर जी मजा होती ती नाही. मूळ उपाय काय?

उंबरठा

वेलँड, म्हणजे एक्स११ च्या जागी आलेली नवी व्यवस्था. तिथे प्रत्येक मॉनिटरला स्वतःचा ठेका मिळतो. केविनमध्ये ही सोय प्लाझ्मा ५.२१ पासून आहे, ग्नोममध्ये ३.३८ पासून. तुमच्या ५.२७ मध्ये ती आहेच. लॉगआउट करा, लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यातल्या यादीत `Plasma (Wayland)` निवडा आणि आत या. मॉनिटर पुन्हा १४४ वर न्या, मात्र `xrandr` ने नाही. वेलँडमध्ये ती आज्ञा मॉनिटरचा वेग बदलत नाही, सिस्टीम सेटिंग्जमधून करा.

हे वाचणाऱ्या कुणाकडे एनव्हिडिया असेल तर ड्रायव्हर ५५५ किंवा पुढचा घ्या आणि प्लाझ्मा ६.१ किंवा पुढचा. त्याआधीच्या जोडीत वेलँडवर काही जुनी ॲप्स लुकलुकायची, आणि लोक कंटाळून एक्स११ वर परतायचे.

ध्रुव७

विंडोजचं कुणीच सांगत नाहीये. :)

गोधडी

विंडोजचं मी सांगतो, कारण ते मी स्वतः भोगलंय. बाजूच्या ६० च्या मॉनिटरवर व्हिडिओ चालू केला की १४४ वरची हालचालही ६० सारखी व्हायची, व्हिडिओ थांबवला की ठीक. विंडोज १० ची २००४ आवृत्ती टाकली आणि ते बरंच कमी झालं. `winver` लिहून आपली आवृत्ती बघा. कार्डाबद्दल वर बोललो ते मागे घेतो. त्या वेळी मीही आधी कार्डच बदललं होतं आणि काही उपयोग झाला नव्हता.

उंबरठा

गोधडींचं निरीक्षण बरोबर आहे, २००४ मध्ये तो भाग सुधारला. त्यानंतरही अडखळत असेल तर मॉनिटरचा वेग चित्रांच्या वेगाशी जुळवणारं जी-सिंक फक्त फुलस्क्रीनपुरतं ठेवा. ते खिडक्यांसाठीही चालू असेल तर एखादं साधं ॲप मॉनिटरचा वेग आपल्यामागे खाली ओढतं, आणि ते हुबेहूब याच दुखण्यासारखं दिसतं.

रातकिडा

वेलँडवरून लिहितोय. दोन्ही मॉनिटर चालू, नवा १४४ वर, आणि स्क्रोल पुन्हा लोण्यासारखं! `Show FPS` चा आकडाही १४४ च्या जवळ जातो. जुना मॉनिटर शाबूत राहिला याचा खरंच आनंद आहे.

दोन अडचणी. माझ्या कामाच्या काही स्क्रिप्ट `xdotool` वर आहेत, त्या इथल्या बऱ्याच खिडक्यांना हातच लावत नाहीत. आणि खिडकी अर्धी इकडे अर्धी तिकडे ठेवली की तिच्यातली हालचाल एका बाजूला किंचित खटकते.

उंबरठा

`xdotool` एक्स११ च्या खिडक्यांपुरतंच चालतं, वेलँडच्या खिडक्या त्याला दिसत नाहीत. `ydotool` बघा, पण ते खिडकी शोधून देत नाही, नुसत्या कळा आणि माउस पाठवतं. स्क्रिप्ट खिडकीच्या नावावर अवलंबून असतील तर केविनच्या स्वतःच्या स्क्रिप्टिंगमध्ये नव्याने लिहाव्या लागतील.

अर्ध्या खिडकीचं असं आहे की ॲप कुठल्या तरी एकाच ठेक्याने चित्र काढणार, मग दुसरीकडे ते थोडं चुकणारच. त्यावर मला उपाय सापडलेला नाही. कुणाला सापडला असेल तर जरूर लिहा.

रातकिडा

ठीक. स्क्रिप्ट लिहून होईपर्यंत कामाच्या वेळी एक्स११ आणि १२०, बाकी वेळ वेलँड. केविन स्क्रिप्टिंगचा अनुभव कुणाला आहे का? खिडकी नावाने शोधून पुढे आणणं, एवढंच हवं आहे.