पश्चिमेच्या खोलीसाठी पडद्याचा रंग

>> "हॉल पश्चिमेला आहे, दुपारी ऊन थेट टीव्हीवर येतं. गडद मरून पडदे घेऊ की पांढरे?"

या खिडकीला दोन्ही एकटे पुरणार नाहीत. पडद्याला दोन बाजू असतात आणि काचेकडची बाजू जास्त महत्त्वाची. ती पांढरी किंवा ऑफ-व्हाइट असली की बरंच ऊन काचेतून परत जातं. अस्तराशिवाय मरून लावलात तर कापड तापेल आणि तीच उष्णता खोलीत सोडेल. शिवाय लाल, जांभळे रंग उन्हाने विटतात, तेही सारखे नाही. चुण्यांचा उन्हाकडचा भाग फिका पडतो, आतला तसाच राहतो आणि पडद्यावर उभे पट्टे दिसू लागतात.

नुसता पातळ पांढरा पडदा मात्र थेट उन्हात स्वतःच उजळून निघतो, म्हणजे डोळ्यांवर येणारी तिरीप तशीच. म्हणून खोलीकडे घट्ट विणीचं, मध्यम छटेचं कापड घ्या: राखाडी, मातकट, फिकट शेवाळी. पिवळा-केशरी टाळाच. संध्याकाळचं ऊन आधीच तांबूस असतं, त्यातून गाळून आलं की भिंतीही पिवळ्या दिसतात.

दुकानातून हातभर नमुना आणा, मागे अस्तराचं कापड धरून चारच्या उन्हात काचेला लावून बघा. ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका.

ऊन तिरकं येतं, त्यामुळे कडेच्या फटी त्रास देतात. 4 फुटी खिडकीला 5 फुटी रॉड, मध्यभागी बसवलेला, आणि दुप्पट म्हणजे 10 फूट रुंदीचं कापड.