अनुभव धागा: ऑनलाइन चष्मा घेतलात का? नंबर, पीडी, फ्रेम, रिटर्न

नंबर दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच ऑनलाइन चष्मा मागवला, डॉक्टरांच्या कागदावरून नंबर जसाच्या तसा भरला, पीडीचा, म्हणजे दोन्ही बाहुल्यांमधल्या अंतराचा, रकाना आला तिथे काही कळेना, कागदावर नव्हताच, मग "माहीत नाही" वर टिक केलं. चष्मा आला, अक्षरं एकदम स्पष्ट, पण अर्ध्या तासात भुवयांच्या मध्ये ओढल्यासारखं व्हायला लागायचं. आठ दिवस सवय होईल म्हणून घातला. शेवटी गल्लीतल्या चष्मेवाल्या काकांकडे गेले, त्यांनी मशीनवर लावून दोन्ही काचांवर शाईचे ठिपके पाडले, पट्टी लावली तर ठिपक्यांमधलं अंतर ६३ मिमी आणि माझी पीडी ५७! तुमचे अनुभव सांगा, परत कसा केलात तेही.

सायली_डोंबिवली: मी आरशासमोर पट्टी धरून मोजते, तीन चष्मे घेतले, काही त्रास नाही. एक-दोन मिमीने काही होत नाही गं.

काचघर: ताई, तुमचा नंबर काय? पाऊण-एक असेल तर खरंच जाणवत नाही. मी १४ वर्षं चष्म्याच्या दुकानात आहे. धागाकर्तीच्या केसमध्ये प्रत्येक डोळ्यामागे ३ मिमी चूक झाली, म्हणजे ०.३ सेंमी, गुणिले ५.५ केलं की १.६५ प्रिझम, म्हणजे काच नजर तेवढी बाजूला वळवते, तेही दोन्ही डोळ्यांना, म्हणून नंबर बरोबर असूनही डोळे ओढतात. आणि आरशात स्वतः मोजण्यापेक्षा दुसऱ्याला मोजायला सांगा, आपण लांब बघत राहायचं. फ्रेम कोणती घेतलीत? जुन्या चष्म्याच्या दांडीच्या आत बघा, ५०-१७-१४० असं काहीतरी असेल, म्हणजे काचेची रुंदी, नाकावरचा पूल आणि दांडीची लांबी.

धागाकर्ती: जुनी ५०-१७, नवी ५४-१८. मोठी छान दिसते म्हणून घेतली.

काचघर: मग ५४ अधिक १८, ७२ झाले, तुमची पीडी ५७. पीडी बरोबर टाकली असती तरी काचेचा मध्य प्रत्येक बाजूला साडेसात मिमी आत सरकवावा लागला असता, आणि मायनसची काच बाहेरच्या कडेला जाड होत जाते. तुम्हाला ४८-५० चीच बरी.

पम्या७८: गॉगलबद्दल पण सांगा कोणीतरी, मी पोलराइज्ड घेतला तर स्कूटरच्या डिस्प्लेवरचं काहीच दिसेना, परत केला. बिननंबरचा होता, पैसे पूर्ण मिळाले.

मीनाताई: नंबरवाल्याला तसं नसतं हो. माझा प्रोग्रेसिव्ह होता, एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर, जवळचं वाचायला हनुवटी वर करावी लागायची, त्यांनी पैसे नाही, क्रेडिट दिलं. प्रोग्रेसिव्हला मी आता दुकानातच जाते, चेहऱ्यावर फ्रेम ठेवून पेनाने खूण करतात तेव्हाच जमतं.

धागाकर्ती: मी तक्रार केली, ठिपक्यांचा पट्टीसकट फोटो पाठवला. ते म्हणतात पीडी तुम्ही दिलीच नव्हती, म्हणून चूक आमची नाही. बदलून देतील की नाही अजून कळवलेलं नाही. तोवर जुनाच घालतेय.

सायली_डोंबिवली: माझा सव्वा आहे. तरी आज नवऱ्याकडून मोजून घेते.